120 − 4q की 120 − 3q? कूर्नोच्या प्रश्नात गुण कुठे गेले

*नमस्कार मॅडम. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात एम.ए. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. पेपरात अल्पाधिकाराचा प्रश्न होता: मागणी P = 150 − Q, दोन उत्पादक, दोघांचाही सीमांत खर्च ३०, दोघंही एकाच वेळी आपापलं उत्पादन ठरवतात. (अ) दोघांची बेस्ट रिस्पॉन्स फलनं काढा. (ब) समतोल काढा. (क) दुसऱ्याचा खर्च १२० झाला तर नवा समतोल काढा. दोघं सारखेच आहेत म्हणून मी q1 = q2 = q घेतलं आणि नफ्याचं विकलन केलं. q = 30 आलं, किंमत ९०, प्रत्येकी नफा १८००. सरांच्या उत्तरात ४० आहे, पण तिथे नफा १६००च पडतो. माझ्या उत्तरात दोघांनाही जास्त मिळतं, मग ते ‘बेस्ट’ कसं नाही? (क) मध्ये ७० आणि −२० आलं. उत्पादन उणे नसतं म्हणून मी ७० आणि ० लिहिलं. १६ पैकी ५ मिळाले. गुण का कापले तेच कळत नाही.*

तुझं विकलन बरोबर आहे, आकडेमोडही बरोबर आहे. q1 = q2 ही ओळसुद्धा चुकीची नाही, ती फक्त दोन पायऱ्या आधी आली. तुझी उत्तरपत्रिका माझ्यासमोर नाही, तेव्हा पत्रात जेवढं लिहिलंस त्यावरूनच बोलते. पण वीस-बावीस वर्षं हा पेपर शिकवते आणि तपासते आहे. ही चूक दरवर्षी निदान चार-पाच जणांच्या उत्तरपत्रिकेत दिसते, आणि बहुतेक वेळा ती आळशी मुलांची नसते. ज्याला गणित जमतं तोच शॉर्टकट घ्यायला धजावतो.

आधी दोन्ही रस्ते शेजारी शेजारी मांडते.

```
तुझा रस्ता
π = (150 − 2q)q − 30q
120 − 4q = 0
q = 30

अपेक्षित रस्ता
π1 = (150 − q1 − q2)q1 − 30q1
120 − 2q1 − q2 = 0
q1 = 60 − q2/2
(आता q1 = q2 = q)  120 − 3q = 0
q = 40
```

तुझ्याकडे 4q आहे आणि अपेक्षित उत्तरात 3q. तुझे बहुतेक गुण या एका q मध्ये गेले. हा जास्तीचा q कुठून आला ते नीट बघ. तू विकलन करायच्या आधीच q2 च्या जागी q टाकलास. त्यामुळे विकलन करताना तुझा q हलला तसा समोरच्याचाही हलला. दोघांचं उत्पादन एकाच दोरीला बांधून तू ओढलंस. प्रश्नात मात्र दोघं स्वतंत्र आहेत. पहिला आपलं उत्पादन ठरवतो तेव्हा दुसऱ्याचा आकडा त्याच्या हातात नसतो. म्हणून विकलन करताना q2 हा स्थिर आकडा धरायचा, ३० किंवा १२० धरतो तसाच. दोघं सारखे आहेत ही माहिती वापरायची ती नंतर, दोघांच्या अटी लिहून झाल्यावर.

वर्गात हे मी बर्फाच्या कारखान्यावर शिकवते, कारण तिथे ‘एकाच वेळी ठरवतात’ याचा अर्थ डोळ्यांना दिसतो. समज, तालुक्याच्या गावात बर्फाचे दोन कारखाने आहेत. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या घरात, रसवंत्या जोरात आणि लग्नांच्या तिथी लागोपाठ. लादी जमायला रात्र जाते, म्हणून किती डब्यांत पाणी भरायचं हे आदल्या संध्याकाळीच ठरवावं लागतं. सकाळी दोघांच्या लाद्या बाजारात उतरतात आणि एकूण माल बघून भाव ठरतो. पहिल्याने डबे भरले तेव्हा दुसऱ्याने किती भरले हे त्याला ठाऊक नव्हतं. सकाळी कळलं तरी उपयोग नाही, पाण्याचा बर्फ झालेला असतो. आकडे तुझ्याच प्रश्नातले ठेवू: एकूण लाद्या Q, भाव १५० वजा Q, आणि एक लादी जमवायचा खर्च ३० रुपये.

आता तुझ्या उत्तरावर उभी राहते. दोघांनी तीस-तीस लाद्या काढल्या. एकूण साठ, भाव ९०, प्रत्येकाला लादीमागे ६० सुटतात आणि नफा १८००. पहिला कारखानदार संध्याकाळी विचार करतो, एक डबा जास्त भरला तर? दुसऱ्याच्या तीसच राहणार. बाजारात एकसष्ट लाद्या येतील, भाव ८९ होईल. नव्या लादीवर ८९ वजा ३०, म्हणजे ५९ रुपये सुटले. जुन्या तीस लाद्यांवर एकेक रुपया गेला, म्हणजे ३० गेले. निव्वळ २९ रुपये वर. ज्याला एका डब्याने २९ रुपये जास्त मिळतात तो तिसाव्या डब्यावर का थांबेल?

आता हाच हिशेब तुझ्या समीकरणाच्या डोक्याने करू. तिथे पहिल्याने एक डबा वाढवला की दुसराही आपोआप वाढवतो. एकूण बासष्ट लाद्या, भाव ८८. नव्या लादीवर ५८ सुटले, जुन्या तिसांवर दोन-दोन रुपये प्रमाणे ६० गेले. निव्वळ दोन रुपये तोटा. म्हणून तुझं समीकरण म्हणालं, तिसावर थांब. ते चुकीचं बोललं नाही. तू त्याला जे विचारलंस त्याचं उत्तर त्याने दिलं. पण तू विचारलं होतंस, ‘दोघांनी मिळून सारखंच वाढवायचं तर कुठे थांबावं?’ हा संगनमताचा, म्हणजे कार्टेलचा प्रश्न आहे. पेपरात तो विचारलेला नव्हता.

चाळीसवर हेच करून बघ. भाव ७०. पहिल्याने एकट्याने एक डबा वाढवला तर भाव ६९, नव्या लादीवर ३९ मिळाले, जुन्या चाळीसवर ४० गेले: एक रुपया तोटा. एक डबा कमी भरला तर भाव ७१, एकोणचाळीस लाद्यांवर ४१ प्रमाणे १५९९. पुन्हा एक रुपया तोटा. वर जाण्यात फायदा नाही, खाली येण्यातही नाही. दुसऱ्याचाही हिशेब तोच. समतोल म्हणतात तो हा.

मागे एकदा हे सांगताना पहिल्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “पण मॅडम, म्या वाढवली तं तो काऊन चूप बसन?” प्रश्न रास्त होता. तुझ्याही मनात तोच असावा असं मला वाटतं, कारण q1 = q2 आधी टाकणं म्हणजे नेमकं हेच म्हणणं आहे की मी वाढवलं तर तोही वाढवेल. त्या दिवशी मी दोन मुलांना समोर बोलावलं, दोघांना चिठ्ठ्या दिल्या आणि म्हटलं, एकमेकांना न दाखवता आपला आकडा लिहा. लिहून झाल्यावर चिठ्ठ्या माझ्याकडे घेतल्या आणि त्या पहिल्या मुलाला विचारलं, “आता मनातल्या मनात तुझा आकडा एकाने वाढव. समोरच्याच्या चिठ्ठीवरचा आकडा बदलला का?” तो हसला. चिठ्ठी बंद होती, डबे भरून झाले होते. तुझं मन बदललं म्हणून समोरचा डबा भरत नाही.

गोंधळ शब्दांमुळेही होतो. आपल्याकडे पुस्तकांत ‘प्रतिक्रिया वक्र’ असं लिहिलेलं असतं, आणि प्रतिक्रिया म्हटलं की आधी एकाने काहीतरी केलं, मग दुसऱ्याने त्यावर काहीतरी केलं असं चित्र उभं राहतं. ऑगस्तँ कूर्नोने १८३८ मध्ये हा नमुना मांडला, तेव्हा उदाहरण खनिज पाण्याच्या झऱ्यांच्या दोन मालकांचं होतं. त्यानेही एकामागून एक जुळवून घेण्याच्या भाषेतच समजावलं, त्यामुळे तो शब्द चिकटला. पुढे १९५० च्या सुमारास जॉन नॅशने जी व्याख्या दिली तिच्यात वेळ नाही, मागे-पुढे नाही. तिथे एवढंच विचारायचं: समोरच्याचा आकडा हा असेल, तर माझ्यासाठी सगळ्यात चांगला आकडा कोणता? बेस्ट रिस्पॉन्स फलन म्हणजे या प्रश्नाच्या उत्तरांची पूर्ण यादी, समोरच्याच्या प्रत्येक संभाव्य आकड्यासाठी एक. त्याने शून्य काढल्या तर माझ्या ६०. त्याने २० काढल्या तर माझ्या ५०. त्याने ४० तर माझ्या ४०. त्याने १०० तर माझ्या १०. 60 − q2/2 या एका ओळीत ही सगळी यादी बसते.

यावरून (अ) मध्ये काय झालं ते कळेल. तिथे फलन मागितलं होतं आणि तू एक संख्या दिलीस. q = 30 ही कशालाच प्रतिसाद नाही, कारण तुझ्या समीकरणात समोरचा उरलाच नाही, तो तुझ्यातच विरघळला. गंमत म्हणजे (क) मध्ये तू ७० आणि −२० काढलेस, ते प्रतिसादाची दोन फलनं लिहून सोडवल्याशिवाय येत नाहीत. म्हणजे योग्य रस्ता तुला माहीत आहे. तिथे खर्च वेगळे होते, q1 = q2 लिहिण्याची सोयच नव्हती, म्हणून तू नाइलाजाने सरळ रस्त्याने गेलास. (अ) मध्ये सारखेपणाने तुला फसवलं.

आता तुझा खरा प्रश्न, १८०० आणि १६०० चा. तुझा हिशेब बरोबर आहे. तीस-तीसवर दोघांनाही जास्त मिळतं. समतोल म्हणजे दोघांना सगळ्यात जास्त देणारी जागा असं व्याख्येत कुठेच नाही. समतोल म्हणजे जिथून कोणालाही एकट्याने हलून फायदा नाही ती जागा. ‘बेस्ट’ हा शब्द इथे ‘समोरच्याचा आकडा दिलेला असताना बेस्ट’ एवढ्यापुरताच आहे. तीस-तीसवर बसलेल्या पहिल्याने त्याचा खरा बेस्ट रिस्पॉन्स काढला तर तो येतो 60 − 30/2, म्हणजे ४५. पंचेचाळीस अधिक तीस, पंच्याहत्तर लाद्या, भाव ७५, लादीमागे ४५ सुटले, नफा २०२५. १८०० वरून २०२५. आणि तिसावर प्रामाणिकपणे बसून राहिलेल्या दुसऱ्याचे १३५० झाले. हे दोघांनाही ठाऊक आहे, म्हणून दोघंही तिसावर बसत नाहीत, आणि शेवटी दोघंही १६०० वर येतात. दोघांनी मिळून २०० प्रमाणे ४०० गमावले. अल्पाधिकाराच्या प्रकरणात समजण्यासारखं जे आहे ते हेच, आणि तुझ्या शॉर्टकटने नेमकं तेच झाकलं गेलं. म्हणून परीक्षक या चुकीला नुसती गणितातली घसरण मानत नाहीत.

उत्तर लिहून झाल्यावर अर्ध्या मिनिटात करता येईल अशी एक तपासणी आहे. जे दोन आकडे आले ते प्रतिसादाच्या फलनात परत टाकायचे. ४० टाकले तर ४० बाहेर येतात, म्हणजे ठीक. ३० टाकले तर ४५ बाहेर येतात, म्हणजे तो समतोल नाही. तुझ्या वहीत पुढे असंच करत राहिलास तर अजून एक गोष्ट दिसेल. ३० ला उत्तर ४५, ४५ ला ३७.५, त्याला ४१.२५, त्याला ३९.३७५. उड्या दर वेळी निम्म्या होतात आणि आकडा चाळीसच्या दोन्ही बाजूंनी आत सरकतो. खरे कारखानदार अशा उड्या मारत नाहीत, हे लक्षात ठेवून हा खेळ खेळायचा. पण चाळीसशिवाय दुसरी कुठलीही जागा का टिकत नाही, हे त्यातून हाताला कळतं.

(क) मधली चूक वेगळ्या जातीची आहे, आणि ती मी स्वतः फळ्यावर केलेली आहे. शिकवायला लागून दुसरंच वर्ष होतं. असाच प्रश्न सोडवताना दुसऱ्याचं उत्पादन उणे आलं, मी खडूने ते पुसलं, शून्य केलं आणि पुढे निघाले. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी कधी बोलायची नाही, तिने विचारलं, “मॅडम, तो आलाच नाई, तं मंग यानं एवढं कोणासाठी बनवलं?” मी फळ्याकडे बघत राहिले. तिचं बरोबर होतं.

तुझे आकडे घेऊन बघू. दुसऱ्याचा खर्च १२० झाला, त्याच्या कारखान्यात वीज महाग पडते म्हण. पहिल्याचं फलन तेच राहिलं, 60 − q2/2. दुसऱ्याचं झालं 15 − q1/2. दोन्ही सोडवली की q1 = 70, q2 = −20. इथपर्यंत तू बरोबर. मग तू −२० च्या जागी ० लिहिलंस, तेही बरोबर. पण ७० कुठून आला होता? तो −२० ला दिलेला प्रतिसाद होता: 60 − (−20)/2. म्हणजे समोरचा बाजारात लाद्या आणत नाही, उलट बाजारातून वीस लाद्या उचलून नेतो, असं धरून पहिल्याने सत्तर काढल्या. समोरचा आकडा शून्य झाला की पहिल्याला पुन्हा विचारावं लागतं, आता तुझा आकडा काय? शून्याला प्रतिसाद ६०. सत्तर काढल्या तर भाव ८०, लादीमागे ५०, नफा ३५००. साठ काढल्या तर भाव ९०, लादीमागे ६०, नफा ३६००. तुझ्या उत्तरात पहिला कारखानदार शंभर रुपये सोडून देतो.

आणि दुसऱ्यालाही विचारायचं. बाजारात पहिल्याच्या साठ लाद्या आहेत, भाव ९०. त्याला एक लादी १२० ला पडते. पहिल्याच लादीवर तीस रुपयांच्या वर नुकसान, तेव्हा त्याचं शून्य हेच त्याच्यासाठी बेस्ट. दोघांची उत्तरं एकमेकांना जुळली: ६० आणि ०, भाव ९०. गावात नावाला कारखाने दोन असले तरी भाव एकाधिकाराचाच आहे.

हे टाळायचा उपाय म्हणजे फलन सुरुवातीलाच पूर्ण लिहिणं. दुसऱ्याचं फलन नुसतं 15 − q1/2 नाही. पहिल्याचं उत्पादन ३० पर्यंत असेल तोवर ते सूत्र चालतं, त्यापुढे उत्तर शून्य. आकृतीत दुसऱ्याची रेषा तिरपी उतरत अक्षापर्यंत येते आणि तिथे वळून अक्षावरच आडवी पडून राहते. पहिल्याची रेषा त्या आडव्या भागाला साठवर भेटते. तू काढलेला सत्तरचा बिंदू दोन सरळ रेषा अक्षाच्या खाली लांबवल्यावर मिळतो, आणि तिथे बाजारच नाही. आकृती हाताने काढली असतीस तर ही चूक झाली नसती असं मला वाटतं. आपली मुलं समीकरण सुटलं की आकृती सोडून देतात.

आता कशावर काय अवलंबून आहे तेही सांगते, नाहीतर उद्या तू सगळीकडे ४० लिहून येशील. तुझ्या प्रश्नात ‘एकाच वेळी आपापलं उत्पादन ठरवतात’ असं लिहिलं होतं, म्हणून ४०. ‘दोघं मिळून एकूण नफा महत्तम करतात’ असं लिहिलं असतं तर तुझे तीस-तीस अगदी बरोबर होते. ‘पहिला आधी ठरवतो, दुसरा ते पाहून ठरवतो’ असं असेल तर तो स्टॅकेलबर्गचा नमुना. तिथे पहिल्याच्या नफ्यात q2 च्या जागी दुसऱ्याचं फलन विकलनाच्या आधी टाकायचं असतं, आणि उत्तर येतं ६० आणि ३०. म्हणजे विकलनाआधी काही टाकायचंच नाही असा नियम नाही. पहिल्याला ठरवताना काय दिसतं, समोरचा खरोखर हलणार आहे का, यावरून ते ठरतं. आणि दोघं लाद्यांऐवजी भाव ठरवत असतील, माल एकसारखा आणि हवा तेवढा पुरवता येत असेल, तर बर्ट्रांडचं उत्तर: भाव ३० वर येतो आणि नफा शून्य. मागणी तीच, खर्च तोच, आणि चार वेगळी उत्तरं. म्हणून प्रश्नातलं ते एक वाक्य अधोरेखित करून मगच पेन चालवायचं.

कुणी म्हणेल, खऱ्या गावात दोन कारखानदार चहाच्या टपरीवर भेटून तीस-तीस ठरवूनच टाकतील. ठरवतीलही. रोज गाठ पडणाऱ्यांमध्ये, आज मी फसवलं तर उद्या तो मला सोडणार नाही, या भीतीने असा करार टिकू शकतो. भारतात २००२ च्या स्पर्धा कायद्याने अशा संगनमताला मनाई आहे, तो भाग निराळा. पण तो पुनःपुन्हा खेळल्या जाणाऱ्या खेळाचा प्रश्न झाला. तिथे उद्याच्या नफ्याची आज किती किंमत धरायची हे प्रश्नात द्यावं लागतं. तुझ्या पेपरात एकच संध्याकाळ होती.

गुणांचं बोलायचं तर (अ) ला ६, (ब) ला ६ आणि (क) ला ४ अशी विभागणी असावी असा माझा अंदाज आहे. त्याप्रमाणे मी तपासलं असतं तर (अ) मध्ये नफ्याचं समीकरण मांडल्याचे एक-दोन दिले असते, फलन नसल्यामुळे बाकीचे नाही. (ब) मध्ये चुकीच्या आकड्यावरून किंमत आणि नफा बरोबर काढलास त्याचे दोन. (क) मध्ये फलनं बरोबर, शून्याची जाणीव बरोबर, शेवटचा आकडा चूक, म्हणून दोन-अडीच. बेरीज सहाच्या आसपास जाते. पाच हे थोडं कडक आहे, पण अन्याय नाही. एखादा परीक्षक (ब) चं उत्तर चुकलं की पुढचं बघतच नाही, दुसरा पायरीपायरीला गुण देतो, हा फरक राहणारच. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळायची सोय असेल तर ती घे आणि फक्त (क) बघ. तिथे दोन्ही फलनं स्पष्ट लिहिलेली असून शून्य दिलं असेल तर अर्ज करायला जागा आहे. ‘माझ्या उत्तरात नफा जास्त येतो’ या मुद्द्यावर मात्र अर्ज करू नकोस. तो मुद्दा वाचून परीक्षकाला उलट खात्री पटेल की गुण बरोबर कापले.

सरांना पत्र लिहिणार असशील तर ‘गुण का कापले’ असं न विचारता ‘विकलनात q2 स्थिर का धरायचा’ असं विचार. पहिल्या प्रश्नावर माणूस आपली बाजू सांभाळायला लागतो, दुसऱ्यावर खडू हातात घेतो.

सरावासाठी हाच प्रश्न दुसऱ्याचा खर्च ६० धरून सोडव. ५० आणि २० यायला हवेत, भाव ८०. मग खर्च ९० धरून सोडव. तिथे समीकरणातूनच ६० आणि ० येतील, काही पुसावं लागणार नाही. ९० हाच आकडा का, हे पहिला एकटाच असतानाच्या भावाकडे बघून शोध, आणि आकृतीत दुसऱ्याच्या रेषेचं वळण त्या वेळी नेमकं कुठे येतं तेही काढून बघ.